पंचवीस तारखेच्या आत

२०२३ च्या नवरात्रातला शनिवार होता. चार वाजून गेले तरी बटवड्याची पाकिटं टेबलावर आली नव्हती. आमच्या वर्कशॉपमध्ये शनिवारी साडेचारला मशीन बंद होतात, साफसफाई होते, पाचला बटवडा. नऊ माणसं, पंचेचाळीस हजार रुपये. त्यातली चार खानापूरकडची. त्यांना सहाची बस गाठायची असते. घट बसले होते, प्रत्येकाच्या घरी काही ना काही खरेदी ठरलेली होती. आणि माझ्या बँकेतल्या सीसी, म्हणजे कॅश क्रेडिटच्या खात्यात, बारा लाखांच्या लिमिटमध्ये, काढता येण्याजोगे सात हजार उरले होते.

त्याच दिवशी टॅलीत गिऱ्हाइकाच्या नावावर पस्तीस लाखांच्या वर येणं दिसत होतं. म्हणजे मी बुडालेला नव्हतो. माल चांगला गेला होता, एकही नग परत आला नव्हता, दर बरा होता, महिन्याला नफा होता. तरी पंचेचाळीस हजारांसाठी बायकोला फोन करावा लागला. तिनं क्रेडिट सोसायटीत जाऊन तिची पिग्मी मोडली. रोज संध्याकाळी पिग्मीवाल्याच्या हातात शंभर-दोनशे ठेवून तिनं ते पैसे दोन वर्षं साठवले होते. पाकिटं सव्वासहाला भरली. आमचा जुना फिटर, वडिलांच्या वेळेपासूनचा, पाकीट न मोजता खिशात घालून म्हणाला, “असू दे दादा, दुसऱ्या बसनं जातो की.” त्यानं ज्या मायेनं ते म्हटलं, त्यानं मला जास्त लागलं.

नफा असताना हात रिकामा का, हे मी त्या रात्री पहिल्यांदा नीट कागदावर मांडलं. बेळगावात, उद्यमबागेत, मच्छ्यात माझ्यासारखी कितीतरी छोटी वर्कशॉप आहेत आणि जवळपास सगळ्यांचं रडगाणं हेच आहे, म्हणून ते मांडलेलं इथं सगळं उघड करतो.

माझं काम हायड्रॉलिक सिलिंडरच्या भागांचं. ईएन-८ पोलादाचा राऊंड बार आणायचा, कापायचा, सीएनसीवर टर्निंग, बोअरिंग, मग बाहेरून हार्ड क्रोम करून आणायचं, ग्राइंडिंग, तपासणी, पॅकिंग. मोठं गिऱ्हाईक एकच, कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत. सरहद्द ओलांडली की बिलावर आयजीएसटी लागतो, बार इथल्याच व्यापाऱ्याकडून घेतला की सीजीएसटी-एसजीएसटी. पण ते एकमेकांत वळतं होतं, त्यात अडचण नाही. अडचण दिवसांची आहे.

बारवाले शेठ आधी पैसे घेतात. खात्यात जमा झाल्याचा मेसेज त्यांच्या मोबाइलवर वाजला की मगच गोडाऊनमध्ये क्रेन हलते. पूर्वी ते पंधरा दिवस थांबायचे. मध्ये त्यांचे दोन-तीन जणांकडे पैसे बुडाले, आणि त्यांनाही वरच्या डीलरकडं आगाऊच भरावे लागतात, म्हणून त्यांनी उधारी बंद केली. त्यांना मी दोष देत नाही. गिऱ्हाइकाची ऑर्डर ‘तीस दिवस’ म्हणते, पण पैसे साठाव्या दिवशी येतात. हा तिसाव्या आणि साठाव्या दिवसातला महिना कुठून येतो, ते पुढे सांगतो. आधी त्या महिन्याची किंमत.

तेव्हाची माझी नेहमीची विक्री महिन्याला बारा लाख. त्यात बार सहा लाखांचा, त्यावर अठरा टक्के जीएसटी धरून सात लाख आठ हजार. बटवडा, क्रोम, वीज, टूल, भाडं मिळून तीन लाख साठ हजार. उरतात दोन लाख चाळीस हजार. त्यातून मशीनचा हप्ता, व्याज, घरखर्च. कागदावर उत्तम.

आता दिवस मोजा. बारचे पैसे आज भरले. माल तयार होऊन गाडीत चढायला पंधरा दिवस. तिथून साठ. म्हणजे बारमध्ये घातलेला रुपया पंचाहत्तर दिवसांनी, अडीच महिन्यांनी परत येतो. दरम्यान मी पुढचा, त्याच्या पुढचा बार आणतच असतो. सात लाख आठ हजार गुणिले अडीच म्हणजे सतरा लाख सत्तर हजार कायम बारच्या रूपात बाहेर. मजुरी आणि बाकी खर्च सरासरी दोन महिने अडकतो, ते सात लाख वीस हजार. तिसरी गोष्ट मी वर्षानुवर्षं धरलीच नव्हती, ती म्हणजे जीएसटी. कर बिलाच्या तारखेवर देय होतो, पैसे आल्यावर नाही. या महिन्यातल्या बिलांचा कर पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला थ्री-बी विवरणपत्र भरताना द्यायचाच. बारवरचा कर वजा जाऊन माझ्या खिशातून एक लाख आठ हजार जातात, आणि गिऱ्हाइकाकडून तो कर मला त्यानंतर साधारण पंचवीस दिवसांनी मिळतो. म्हणजे आणखी नव्वद हजार. बेरीज पंचवीस लाख ऐंशी हजार.

हाच हिशेब गिऱ्हाईक तिसाव्या दिवशी पैसे देतं असं धरून केला तर चौदा लाख बावीस हजार येतात. माझं स्वतःचं भांडवल आठ लाख आणि लिमिट बारा, मिळून वीस. वेळेवर पैसे आले असते तर माझ्याजवळ जवळपास सहा लाख मोकळे राहिले असते. महिनाभर उशिरानं आले म्हणून जवळपास सहा लाख कमी पडत होते. धंदा तोच, माणसं तीच, दर तोच. ते सहा लाख मी एका सोसायटीतून महिना दोन टक्क्यांनी उचलले होते. त्याचं व्याजच महिन्याला बारा हजार.

त्या रात्री कागदावर एक आकडा मी लाल पेनानं काढला. बार आणि बाकी खर्च मिळून महिन्याला दहा लाख अडुसष्ट हजार बाहेर जातात, भागिले तीस. पस्तीस हजार सहाशे. कुठल्याही कारणानं पैसे एक दिवस उशिरा आले की माझे पस्तीस हजार सहाशे रुपये जास्त अडकतात. एक दिवस लवकर आले की तेवढे सुटतात. तोवर ‘उशीर’ हा शब्द माझ्या डोक्यात नुसता त्रास म्हणून होता. आता प्रत्येक दिवसावर किंमत चिकटली.

मग नवरात्रातच गळ्याशी का आलं? कारण जुलैत गिऱ्हाइकानं काम वाढवलं होतं. बाराचे सोळा लाख करा म्हणाले. आम्ही घरी पेढे वाटले. दुसरी पाळी सुरू केली. आता तोच हिशेब वाढलेल्या चार लाखांना लावून बघा. जुलैच्या मध्याला जादा बार आणला, करासकट एक लाख अठरा हजारांचा. पंधरा दिवसांनी पुन्हा तेवढाच. पुन्हा. पुन्हा. पुन्हा. पहिल्या बारचे पैसे यायला पंचाहत्तर दिवस, तोवर पाच वेळा जादा बार आणून झाला होता, पाच लाख नव्वद हजार. दुसऱ्या पाळीची मजुरी, वीज, क्रोम दोन लाख चाळीस हजार, कराचे तीस हजार. वाढलेल्या कामाचा पहिला रुपया दिसण्याआधी आठ लाख साठ हजार माझ्या खिशातून गेले होते. खिशात नव्हतेच, सोनं गहाण ठेवलं, क्रोमवाल्याचं देणं थकवलं, मशीनचे दोन हप्ते चुकवले. मोठी ऑर्डर मिळाली म्हणून धंदा अडचणीत आला, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. काम कमी असताना उलटं होतं: जुनी येणी येत राहतात, नवा बार कमी लागतो, खातं भरल्यासारखं दिसतं. म्हणून मंदीत माणूस निर्धास्त राहतो आणि तेजीत बुडतो.

दसऱ्यानंतरच्या मंगळवारी मी सगळी फाइल घेऊन शिरोलीला गेलो. निपाणी सोडली, कोगनोळीचा टोलनाका ओलांडला, आणि वाटेत तगाद्याची वाक्यं मनात जुळवत होतो. आजवर मी फोनवरच तगादा केला होता. “मॅडम, जरा बघा की.” “हो, बघते.” एवढंच. त्या दिवशी अकाउंट्सच्या मॅडमसमोर खुर्ची ओढून बसलो आणि म्हणालो, पैसे आज मागत नाही, माझं एकेक बिल कुठं थांबलंय तेवढं दाखवा. त्यांनी स्क्रीन माझ्याकडं वळवली. मी त्यांचा ऋणी आहे, कारण त्या अर्ध्या तासात मला जे कळलं ते वीस वर्षांत कळलं नव्हतं.

अकरा बिलं थकलेली होती. त्यातली चार बुकच झाली नव्हती, कारण स्टोअरनं माल ताब्यात घेतल्याची जीआरएन निघाली नव्हती. का? तपासणी खात्याला बारचं टेस्ट सर्टिफिकेट लागतं, ते डिलिव्हरी चलनासोबत नव्हतं. माल त्यांनी वापरला होता, मशीनवर चढवला होता, पण कागदावर तो अजून गेटवर होता. तीन बिलं दराच्या फरकानं अडली होती. ऑगस्टमध्ये दर वाढवून मिळाला होता, ईमेल आला होता, पण परचेसनं ऑर्डरमध्ये सुधारणा टाकली नव्हती. सिस्टिमला जुना दर माहीत, माझ्या बिलावर नवा. सिस्टिम ते बिल नुसतं बाजूला ठेवते, कुणाला सांगत नाही. दोन बिलं तारखेत सापडली होती. आणि फक्त दोन बिलं अशी होती, जी सगळं बरोबर असून, मुदत उलटून, पैसे नाहीत म्हणून थांबली होती.

तारखेचं सांगतो, कारण महिन्याभराचा उशीर खरा तिथं आहे. त्यांची बुकं दर महिन्याला पंचवीस तारखेला बंद होतात. त्या तारखेपर्यंत बुक झालेल्या सगळ्या बिलांचे तीस दिवस पंचवीसपासून मोजतात, बिलाच्या तारखेपासून नाही. आणि पैसे सोडतात ते मुदत संपल्यावर येणाऱ्या दहा तारखेला. म्हणजे माझी गाडी तेवीस ऑगस्टला पोचली आणि बिल पंचवीसच्या आत बुक झालं, तर मुदत चोवीस सप्टेंबरला संपते, पैसे दहा ऑक्टोबरला. अठ्ठेचाळीस दिवस. तीच गाडी चार दिवस उशिरा, सत्तावीस ऑगस्टला पोचली, तर बिल पुढच्या पंचवीसमध्ये जातं, मुदत पंचवीस ऑक्टोबर, पैसे दहा नोव्हेंबर. पंचाहत्तर दिवस. चार दिवसांच्या फरकानं पैशाला सत्तावीस दिवस जास्त. आणि आमच्याकडं महिनाअखेर म्हणून तीस तारखेला सगळा माल रेटून पाठवायची वडिलांच्या वेळेपासूनची सवय! महिनाअखेरीला विक्रीचा आकडा मोठा दिसावा म्हणून ओव्हरटाइम देऊन आम्ही माल नेमका सगळ्यात वाईट तारखांना पाठवत होतो.

परत आल्यावर दोन गोष्टी लगेच केल्या. टेस्ट सर्टिफिकेटची प्रत आता प्रत्येक चलनाला प्लास्टिकच्या पाकिटात घालून टाचलेली असते, आणि बिल करताना ऑर्डरवरचा दर स्क्रीनवर उघडून ताडून बघतो. सुधारित ऑर्डर हातात आल्याशिवाय नव्या दरानं बिल करत नाही. आणि महिन्याचं काम पंचवीस ते पंचवीस असं लावलं. मोठे लॉट बावीसच्या आत गेलेच पाहिजेत. सव्वीसपासून महिनाअखेरपर्यंत आम्ही टर्निंग करून अर्धवट माल साठवतो, मशीनची देखभाल करतो, छोट्या रोखीच्या कामांना वेळ देतो. सरासरी साठाचे पन्नास दिवस झाले. दहा दिवस, दिवसाला पस्तीस हजार सहाशे. साडेतीन लाखांच्या वर रक्कम कुणाकडं न मागता मोकळी झाली. यातही एक अट आहे: तिथल्या स्टोअरकीपरवर सगळे पुरवठादार एकदम वीस-बावीसला कोसळले तर जीआरएन अडते. म्हणून मी सतरा-अठरापासूनच थोडा थोडा माल पाठवायला लागतो.

दुसरी बाजू बारची. शेठ एकदा म्हणाले, “पंधरा दिवस देतो, पण किलोला दीड रुपया जास्त.” तेव्हा दर सत्तरच्या आसपास होता. ऐकायला दीड रुपया काहीच नाही. पण सत्तरावर दीड म्हणजे दोन टक्क्यांच्या वर, तेही पंधरा दिवसांचे. वर्षाला पन्नास टक्क्यांच्या पुढे जातं. बँकेचं सीसी तेव्हा अकराच्या आसपास होतं. असली उधारी घेण्यापेक्षा सोसायटीचे दोन टक्के बरे. मी शेठना वेगळंच मागितलं. म्हणालो, पैसे तुम्हाला आधीच मिळतील, चेक नाही, त्याच दिवशी थेट खात्यात. पण मी पंधरा दिवसांचा बार एकदम उचलणार नाही. आठवड्याला उचलेन, दर तोच ठेवा, माझ्या मापाचा बार गोडाऊनमध्ये राखून ठेवा. ते कबूल झाले. त्यांच्या दृष्टीनं मी पक्का रोखीचा माणूस, आणि बार त्यांच्याकडं चार दिवस जास्त पडला तरी तो इतर कुणालाही विकता येतो. पूर्वी माझ्या शेडमध्ये पाच-सहा दिवस बार नुसता पडून असायचा. ते पाच दिवस गेले. करासकट बारचा दिवसाचा खर्च तेवीस हजार सहाशे, म्हणजे एक लाख अठरा हजार सुटले. छोटा हत्ती महिन्यात दोन फेऱ्या जास्त मारतो, त्याचं भाडं त्यापुढं किरकोळ.

वाढलेल्या चार लाखांच्या कामाचं काय करायचं, यावर मात्र मी बरेच दिवस घोळलो. काम सोडवत नव्हतं. शेवटी गिऱ्हाइकाला म्हटलं, या वाढीव मालाचा बार तुम्ही पाठवा, मी फक्त मजुरी लावतो. त्यांच्याकडं बारवाले उधारीवर माल टाकतात, मोठी कंपनी म्हणून. त्यांना ते जड नव्हतं. चार लाखांच्या विक्रीची एक लाख नव्वद हजारांची मजुरी झाली. बारवर जो थोडा नफा सुटायचा तो गेला, टर्निंगमध्ये निघणारा चुरा आता त्यांचा, नग खराब झाला तर बारची किंमत ते बिलातून कापतात, आणि त्यांच्या बारचं वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं. जीएसटीच्या नियमानं जॉबवर्कला आलेला माल वर्षाच्या आत परत गेला पाहिजे. पण ते पाच लाख नव्वद हजार, पाच वेळा आणलेला बार, माझ्या डोक्यावरून उतरला. सोनं मी त्यातूनच सोडवलं. आमच्या भागात ‘नुसता जॉबवर्कवाला’ म्हणवून घ्यायला लोकांना कमीपणा वाटतो. मला आता वाटत नाही. ज्या कामाचं भांडवल माझ्याजवळ नाही, त्या कामाचा बार मी का विकत घ्यावा?

बँकेबद्दल थोडक्यात. माझं बारा लाखांचं लिमिट विक्री वर्षाला साठ लाख होती तेव्हाचं. छोट्या उद्योगाला अंदाजे वार्षिक विक्रीच्या वीस टक्के खेळतं भांडवल देण्याची पद्धत बँकांत आहे, तो हिशेब तेव्हा बरोबर होता. विक्री एक कोटी चव्वेचाळीस लाखांवर गेली आणि मी लिमिट वाढवायला गेलोच नाही; नूतनीकरणाच्या कागदावर दरवर्षी सही करत राहिलो. चूक माझी. जीएसटीची विवरणपत्रं, ताळेबंद आणि त्या रात्रीचा कागद घेऊन गेलो तेव्हा दोन महिन्यांत लिमिट बावीस लाख झालं. त्यातही पुरती रक्कम हाताशी असतेच असं नाही. दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट द्यावं लागतं. बँक मालावर काही मार्जिन कापते, आणि माझ्या बँकेत नव्वद दिवसांपुढचं येणं धरतच नाहीत. बारसाठी आगाऊ भरलेले पैसे, बार आलेला नसेल तर, स्टॉक म्हणून दाखवता येत नाहीत. म्हणजे दराच्या फरकानं अडकलेलं बिल नव्वदच्या पलीकडं गेलं की गिऱ्हाईकही देत नाही आणि त्यावर बँकही देत नाही. गळा दोन्हीकडून आवळतो. म्हणून पंचेचाळीस दिवस झालेलं प्रत्येक बिल मी आता हातानं उघडतो.

पंचेचाळीस हा आकडा कायद्यातलाही आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे, करारात काहीही लिहिलं असलं तरी, माल स्वीकारल्यापासून पंचेचाळीस दिवसांत द्यायचे, असं २००६ च्या एमएसएमई कायद्यात आहे. लेखी करारच नसेल तर पंधरा दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, महिन्याला चक्रवाढ व्याज. गिऱ्हाईक महाराष्ट्रातलं असलं तरी तक्रार माझ्या इथल्या, कर्नाटकातल्या त्याच कायद्याखालच्या कौन्सिलकडं करता येते. मी केलेली नाही. माझं सत्तर टक्के काम त्या एका दारातून येतं, आणि तक्रार केल्यावर ते दार उघडं राहील असं मी माझ्या नऊ माणसांना सांगू शकत नाही. ज्यांचं गिऱ्हाईक तसंही सुटलंय, त्यांनी जरूर करावी. पण आयकर कायद्यात २०२३-२४ पासून जो बदल आला, त्याचा मला न मागता उपयोग झाला. या मुदतीत आम्हाला पैसे दिले नाहीत, तर कंपनीला तो खर्च त्या वर्षात वजा मिळत नाही; प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी मिळतो. २०२४ च्या मार्चमध्ये मॅडमचाच फोन आला, “तुमचं उद्यम सर्टिफिकेट पाठवा, ऑडिटर मागतायत.” एकतीस मार्चच्या आत मुदत उलटलेलं एकेक बिल चुकतं झालं. एप्रिलमध्ये पुन्हा दहा तारखेची रांग. तरी तेव्हापासून माझ्या प्रत्येक बिलाच्या डोक्यावर लघुउद्योग नोंदणीचा तो उद्यम नंबर छापलेला असतो, आणि जानेवारीत मी एक साधं पत्र पाठवतो: कुठल्या बिलाचे पंचेचाळीस दिवस कधी भरतात, याची यादी. त्यात एकही कडक शब्द नसतो. ज्यांचं गिऱ्हाईक अडीचशे कोटींच्या वरच्या उलाढालीचं आहे, त्यांनी ट्रेड्स या ऑनलाइन व्यासपीठावर बिल टाकून बँकेकडून आधीच पैसे घेता येतात का ते विचारावं. एवढ्या मोठ्या कंपन्यांना तिथं नोंदणी आता सक्तीची आहे. माझं तेवढं मोठं नाही.

आज माझ्या टेबलावर एक लांब वही असते, आडवी धरायची. तेरा आठवड्यांचे तेरा रकाने. वर येणारे पैसे, खाली जाणारे, तळाशी शनिवारी उरणारी शिल्लक. यात एकच नियम मी कसोशीनं पाळतो: येणारी रक्कम ‘देय’ तारखेखाली लिहायची नाही, ज्या दहा तारखेला ती खरोखर पडणार तिथं लिहायची, आणि मॅडमच्या स्क्रीनवर बुक झालेली नसेल तर पेन्सिलनं. पेननं लिहिलेल्यावरच बारची ऑर्डर देतो. वीस तारखेचा जीएसटी आणि बटवडा हे सगळ्यात आधी लिहून टाकायचे. दिवाळीच्या बोनससाठी आता मीही रोज पाचशेची पिग्मी भरतो. बायकोची मोडलेली पिग्मी पहिल्या सहा महिन्यांत परत भरून दिली. शिल्लकेच्या ओळीत एखादा आठवडा उणे दिसला तर तो सात-आठ आठवडे आधी दिसतो. तेवढ्या वेळात मी एखादा लॉट पुढं ओढू शकतो, एखादी खरेदी मागं ढकलू शकतो, क्रोमवाल्याला आधी सांगू शकतो. क्रोमवाला म्हणतो, “उशीर होणार हे आधी सांगणारे तुम्ही एकटेच.” तो चिडत नाही, कारण तारीख दिली की मी ती पाळतो.

हे लिहितोय तेव्हा एकवीस तारीख आहे, संध्याकाळचे पाच. शेवटचा लॉट आत्ताच तपासणीतून बाहेर आला, दोनशे चाळीस पिस्टन. पोरं पेट्या भरतायत. उद्या पहाटे पाचला गाडी सुटेल, नऊपर्यंत शिरोलीच्या गेटवर. या वहीत पुढच्याच्या पुढच्या महिन्यातल्या दहा तारखेखाली पेन्सिलचा एक आकडा आहे, तीन लाख बारा हजार. फिटर दारात येऊन उभा राहिलाय, हातात चलन.

“दादा, सर्टिफिकेट लावलंय. हीट नंबर तेवढा एकदा ताडून बघा की, बारवरचा आणि कागदावरचा.”

बघून येतो.